कानशिलात, गळा आणि पडणं: वीस सेकंदांच्या मारामारीची तालीम

संहितेत एवढंच लिहिलं होतं: ‘थोरला धाकट्याच्या कानशिलात लगावतो. झटापट. धाकटा खाली पडतो.’ प्रयोगात याला साधारण वीस सेकंद लागतात. कॉलेजच्या नाटकात हा भाग बहुतेक वेळा ‘तालमीत बसवू’ म्हणून शेवटपर्यंत राहतो आणि मग दोघं नट आपापल्या अंदाजाने काहीतरी करतात. आम्ही हा प्रसंग प्रयोगाच्या सहा आठवडे आधी वेगळा काढला. आधी तो कागदावर उतरवला आणि रोजच्या तालमीच्या सुरुवातीला, नट ताजेतवाने असताना, दहा मिनिटं त्यालाच दिली. तालमीच्या शेवटी मारामारी घेतली नाही. थकलेल्या पायांना अंतराचा अंदाज राहत नाही आणि चुकीचा अंदाज अंगवळणी पडला की तो काढायला दुप्पट वेळ जातो.

सगळी मांडणी एका नियमावर उभी आहे. मारामारीचा ताबा मार खाणाऱ्याकडे असतो. मारणारा फक्त दिसायला आक्रमक असतो. हालचाल कधी सुरू व्हायची, किती जोरात दिसायची आणि कधी थांबायची हे ज्याला इजा होऊ शकते तो ठरवतो. पुढे जे काही आहे ते या नियमाचं तपशिलात रूपांतर आहे, आणि इशारेही त्यातूनच आले.

पहिला निर्णय कानशिलात प्रत्यक्ष हात लावायचा की नाही हा होता. आमचं उत्तर ठाम ‘नाही’ असं होतं. ‘हलकेच मारतो, खरं वाटेल’ ही सूचना प्रत्येक गटातून येते. पण प्रयोगाच्या दिवशी अंगात जोर चढलेला असतो आणि तालमीतला हलका हात हलका राहत नाही. त्यातून तळहात जरा खोलगट होऊन कानावर बसला तर कोंडलेल्या हवेच्या दाबाने पडदा फाटू शकतो. जबडा, डोळा, मान यांचा धोका वेगळाच. शिवाय नाट्यगृहात पाचव्या रांगेपुढे खऱ्या थपडेचा आवाज नीट पोचतही नाही. प्रेक्षकाला पटवतो तो आवाजाचा आणि मानेच्या झटक्याचा जुळलेला क्षण, आणि तो स्पर्शाशिवाय जास्त चांगला जुळतो.

आता थपडेची रचना. धाकटा प्रेक्षकांकडे पाठ करून उभा असतो. थोरला त्याच्यासमोर, म्हणजे रंगमंचाच्या आतल्या बाजूला, प्रेक्षकांकडे तोंड करून. दोघं एकामागे एक आल्यामुळे हात आणि गाल यांच्यातलं अंतर धाकट्याच्या डोक्याआड जातं. हेच दोघं आडवे, प्रेक्षकांना बाजूने दिसतील असे उभे केले तर मधली फट पहिल्या रांगेलाही दिसते आणि थप्पड तिथेच मरते.

अंतर मोजायची पद्धत ठरलेली आहे. थोरला उजवा हात पूर्ण सरळ पुढे करतो, बोटं ताठ. बोटांची टोकं आणि धाकट्याचा चेहरा यांच्यात एक वीत उरली पाहिजे, म्हणजे साधारण वीस सेंटीमीटर. कोपर वाकवून मोजलं तर ते माप निरुपयोगी, कारण जोर आला की कोपर सरळ होतं. हे माप तालमीत प्रत्येक वेळी, हालचाल सुरू करायच्या आधी, उघडपणे हात लांब करून घ्यायचं. काही दिवसांनी पायांनाच जागा कळते आणि प्रयोगात हात लांब करावा लागत नाही. तरीही जमिनीवर दोघांच्या पायांसाठी बोटभर रुंद चिकटपट्टीची खूण ठेवलेली असते. चुकून अंतर कमी झालं असेल तर मागे सरकायचं काम धाकट्याचं. ते तो वाक्य बोलताना अर्धं पाऊल मागे घेऊन सहज करतो, भांडणात माणूस मागे सरकतोच.

हालचालीचा क्रम असा बसवला. थोरला ‘परत बोल’ म्हणतो आणि धाकट्याच्या डोळ्यांत बघतो. धाकटा दोन्ही हात पोटाजवळ आणतो, तळवे उघडे. प्रेक्षकांकडे त्याची पाठ आहे, त्यामुळे हे फक्त थोरल्याला दिसतं. हे उघडे तळवे म्हणजे ‘मी तयार आहे’. ते दिसल्यावरच थोरला हात खांद्याच्या उंचीपर्यंत मागे नेतो आणि तिथे क्षणभर थांबतो. हा थांबा प्रेक्षकाला धमकी वाटतो, धाकट्याला मात्र वेळ सांगतो. मग हात जमिनीला समांतर, एका सपाट रेषेत, उजवीकडून डावीकडे धाकट्याच्या चेहऱ्यासमोरून जातो. तो नाकासमोरून जात असतानाच धाकटा पोटाशी एक टाळी वाजवतो आणि डोकं स्वतःच्या उजवीकडे फिरवतो.

बिघाड बहुतेक याच शेवटच्या वाक्यात होतो. सुरुवातीला टाळी उशिरा येते, हात पार पलीकडे गेल्यावर. कारण धाकटा हात दिसल्यावर प्रतिक्रिया देत असतो. उपाय असा की त्याने हाताकडे बघायचंच नाही, थोरल्याच्या खांद्याकडे बघायचं. खांदा हाताच्या आधी सुटतो. खांदा सुटताच टाळी सुरू केली की हात नाकासमोर असतानाच ती लागते. दुसरा बिघाड म्हणजे टाळी वाजवताना दोन्ही कोपरं बाहेर फेकली जातात आणि पाठीमागून ती पंखांसारखी दिसतात. कोपरं बरगड्यांना चिकटवून फक्त मनगटातून टाळी वाजवायची. तीही सपाट तळव्यांनी, कारण खोलगट टाळीचा आवाज ढब्ब येतो, कातडीवर बसल्यासारखा लागत नाही. तिसरा बिघाड सगळ्यांत महत्त्वाचा. मान एकटीच झटकली जाते. दहा मिनिटांत आठ-दहा वेळा मान झटकली तर दुसऱ्या दिवशी ती आखडते, म्हणून वळणं छातीपासून सुरू करायचं. आधी छाती वळते, तिच्यामागे खांदे, शेवटी डोकं. लांबून हे जास्त जोरदार दिसतं आणि मानेवर काही येत नाही. वळून झाल्यावर धाकटा डावा हात गालावर ठेवतो, त्यामुळे गाल लाल नाही हेही झाकलं जातं.

कोणत्या खुर्चीतून काय दिसतं हे फक्त समोर बसून कळत नाही. एका मुलीला वही देऊन आम्ही पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांना, मधल्या रांगेत आणि बाल्कनीत फिरवलं. थप्पड प्रत्येक ठिकाणाहून अर्ध्या वेगात दाखवली. टोकाच्या खुर्च्यांवरून फट दिसत होती. जोडीला मध्यरेषेच्या जवळ आणल्यावर ती बरीच मिटली. बाल्कनीची अडचण वेगळी असते. तिथली नजर धाकट्याच्या डोक्यावरून जाते आणि वरून फट उघडी पडते. जोडी दोन पावलं आत, रंगमंचाच्या मागच्या बाजूला नेली की नजरेचा कोन सपाट होतो आणि डोकं पुन्हा आडवं येतं. हे उलट क्रमाने करू नये. म्हणजे हात चेहऱ्याजवळ आणून फट मिटवायची नाही. फट कायम वीतभरच राहते, बदलतात त्या नटांच्या जागा.

थपडेनंतर धाकटा वळण्याच्याच ओघात दोन पावलं अर्धवर्तुळात रंगमंचाच्या आत जातो. थोरला त्याच्यामागे जाताना प्रेक्षक आणि धाकटा यांच्यामध्ये येतो. आता चित्र उलटलं आहे. थोरल्याची पाठ, जराशी तिरकी, प्रेक्षकांकडे आणि धाकट्याचा चेहरा समोर. ही अदलाबदल मुद्दाम बसवली, कारण पुढे गळा धरायचा आहे आणि त्यात हात झाकायचे असतात, चेहरा दाखवायचा असतो.

गळा धरण्यात गळ्याला हात लागत नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर दाब आला तर काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते, आणि समोरच्या कूर्चेच्या नळीला तर जरासाही धक्का चालत नाही. म्हणून थोरल्याचे तळवे गळ्याखालच्या आडव्या हाडांवर टेकतात, बोटं खांद्यांवर पसरलेली, अंगठे बोटांना चिकटून वरच्या बाजूला. अंगठे आत वळले की ते नेमके श्वासनळीवर येतात. त्यामुळे अंगठ्यांकडे एक माणूस सतत बघत होता. धाकटा हनुवटी खाली आणतो आणि ती हातांवर टेकवतो. पुढून बघणाऱ्याला हात गळ्यातच रुतल्यासारखे दिसतात.

जोर कुठून येतो, तर धाकट्याकडून. तो थोरल्याची दोन्ही मनगटं धरतो आणि ती स्वतःच्या छातीकडे ओढतो. थोरला आपले हात मागे, स्वतःकडे ओढत असतो. दोघांच्या दंडांवर खरा ताण येतो, शिरा दिसतात, हात थरथरतात, पण गळ्याच्या दिशेने काहीच जात नाही. धाकट्याने मनगटं सोडली तर थोरल्याचे हात आपोआप लांब जातात. ही रचना आम्हाला फार महत्त्वाची वाटते. धाकट्याला चक्कर आली, ठसका लागला, वाक्य विसरून तो गोंधळला, काहीही झालं तरी त्याची पकड सुटते आणि पकड सुटली की प्रसंग आपोआप सुरक्षित होतो. थांबवण्यासाठी त्याला वेगळं काही करावं लागत नाही. त्यावर आणखी एक इशारा ठेवला. मनगटावर बोटांनी दोनदा टकटक केली की थोरल्याने लगेच हात काढून एक पाऊल मागे जायचं आणि ढकलण्याच्या वाक्यावर उडी मारायची. तालमीत ही टकटक अधूनमधून न सांगता द्यायची. थोरला तेव्हा अभिनयात बुडालेला असला तरी त्याचे हात सुटतात की नाही हे बघायचं असतं. सुटले नाहीत तर त्या दिवशी वेग वाढवायचा नाही.

खोकला, घरघर, श्वास अडकल्याचे आवाज धाकटा ओठांतून आणि जिभेच्या मागच्या भागातून काढतो. श्वास खरंच रोखून धरायचा नाही. नट नकळत रोखतातच, म्हणून या चार-पाच सेकंदांत त्याला एक तुटक वाक्य दिलं: ‘सोड... दादा... सोड.’ बोलायचं असलं की श्वास घ्यावाच लागतो. लेखकाला हे वाक्य वाढवायला सांगितलं तेव्हा कारण हेच होतं.

‘सोड’, ‘थांब’, ‘बस’ हे सगळे शब्द संवादात आहेत, त्यामुळे खऱ्या अडचणीसाठी ते निकामी. खऱ्या अडचणीचा शब्द आम्ही वेगळा ठेवला. तालमीत कुणीही, अगदी विंगेत चहा घेऊन उभा असलेला मुलगासुद्धा, ‘होल्ड’ म्हणाला की सगळे आहेत तिथे गोठतात. कारण नंतर विचारायचं, आधी नाही. प्रयोगात ‘होल्ड’ ओरडता येत नाही, म्हणून तिथे नटाचं खरं नाव वापरतो. पात्राच्या नावाऐवजी समोरच्याने खऱ्या नावाने हाक मारली की काहीतरी खरंच बिघडलंय हे दोघांनाही विजेसारखं कळतं. प्रेक्षकांतल्या फार तर चार मित्रांच्या ते लक्षात येईल. रंगमंचावरच्या प्रत्येकाने, एकही वाक्य नसलेल्यांनीही, ही दोन्ही चिन्हं पाठ केलेली असतात.

आता पडणं. आधी हे ठरवलं की उभ्या उंचीपेक्षा जास्त उंचीवरून कुणी पडणार नाही. लेव्हलवरून नाही, जिन्यावरून नाही, टेबलावरून नाही. त्यासाठी जाड गाद्या, प्रशिक्षित माणूस आणि वेगळीच तयारी लागते, ती आमच्याकडे नव्हती. दुसरं म्हणजे जमीन बघितली. लाकडी फळ्यांचा रंगमंच थोडा लवतो. सिमेंटवर नुसतं पातळ कापड अंथरलेलं असेल तर ते मऊ दिसतं, पण लवत नाही. टाचेने जोरात ठोकून बघितलं की फरक आवाजावरूनच कळतो. पूर्ण सिमेंटचा मंच असता तर आम्ही उभ्याने मागे पडणं काढून टाकलं असतं आणि धाकट्याला खुर्चीच्या आधाराने खाली सरकत बसवलं असतं. आमच्या मंचाच्या फळ्या ठीक होत्या. एका सांध्यावर खिळ्याचं डोकं वर आलेलं होतं, ते ठोकून घेतलं.

मागे पडणं म्हणजे खरं तर पटकन बसणं आणि मग बाजूने लोळणं. धाकटा उजवा पाय मागे टाकतो आणि त्या पायाचा गुडघा वाकवत सगळं वजन त्यावर घेतो. डावा पाय पुढे सरकत सरळ होतो. उजव्या टाचेच्या अगदी जवळ बसल्यासारखा तो खाली येतो. जमिनीला लागायचा क्रम पोटरीची बाहेरची बाजू, मांडीची बाहेरची बाजू, उजवा कुल्ला, मग पाठीची उजवी बाजू असा. हाडांऐवजी मांसल भाग, मधोमधऐवजी एक बाजू. माकडहाडावर सरळ बसला तर आठवडाभर बसता येत नाही. हनुवटी सुरुवातीपासून छातीला टेकलेली. श्वास खाली जाताना बाहेर सोडत जायचा. अंग सैल राहतं आणि पाठ जमिनीला टेकताना दम कोंडत नाही. डोकं सगळ्यांत शेवटी, पडून झाल्यावर, हळू टेकवायचं. ते पडण्याचा भागच नाही.

हात मागे जाऊ द्यायचे नाहीत. ही सवय मोडणं सगळ्यांत अवघड. तोल गेला की हात मागे टेकणं हा शरीराचा स्वभाव आहे, आणि मनगट किंवा कोपर मोडतं ते त्यातूनच. आम्ही धाकट्याला दोन्ही हातांनी स्वतःच्या शर्टाची छाती घट्ट धरायला लावली आणि तसंच पडायला सांगितलं. काही दिवसांनी शर्ट सोडला तरी हात पुढेच राहू लागले. शेवटी फक्त उजवा तळवा आणि दंड, शरीराच्या बाजूला, जमिनीवर सपाट आपटायला दिला. तोही वजन घेण्यासाठी नाही, आवाजासाठी. प्रेक्षकाला पडण्याचा धप्प आवाज लागतो आणि शरीर नीट उतरलं तर तो येतच नाही.

शिकवताना उंची आणि जमीन एकदम बदलायची नाही. आधी उकिडव्या बसलेल्या स्थितीतून, पाच सेंटीमीटर जाडीच्या गादीवर. मग अर्ध्या उभ्यातून. मग पूर्ण उभ्यातून. मग तीच तीन पावलं पातळ चटईवर आणि त्यानंतर उघड्या फळ्यांवर. प्रत्येक पायरीवर लागोपाठ तीन वेळा सफाईदार झालं तरच पुढची. ‘सफाईदार’ म्हणजे काय तर आवाज कमी, हात पुढे, हनुवटी आत. ठक्क असा एकच आवाज आला तर शरीर एकाच ठिकाणी आपटलंय. सरपटल्यासारखा लांब आवाज आला तर क्रमाने उतरलंय. डोळे मिटूनही हे तपासता येतं. गादी गुळगुळीत फरशीवर सरकते, म्हणून तिच्याखाली रबरी जाळी घातली, आणि मागे पाऊल टाकताना गादीच्या कडेवर घोटा मुरगळू नये म्हणून पाऊलही गादीवरच पडेल इतकी मोठी गादी घेतली. गुडघ्यांना आणि कोपरांना पॅड घातले होते, ते प्रयोगातही कपड्यांच्या आत ठेवले.

ढकलणं शेवटी जोडलं. थोरला दोन्ही तळवे धाकट्याच्या खांद्यांच्या पुढच्या भागावर ठेवतो. त्यांची नजर जुळते. धाकटा दिसेल असा श्वास आत घेतो, मग त्याचा उजवा पाय मागे जायला लागतो. त्यानंतर थोरल्याचे हात त्याच्यामागोमाग सरळ होतात. म्हणजे धाकटा निघतो आणि थोरला त्याला ‘पाठवल्यासारखा’ दिसतो. हा क्रम उलटला आणि थोरल्याने खरंच रेटलं की धाकट्याचं मागचं पाऊल वेळेवर पडत नाही, वजन टाचांवर जातं आणि तो सरळ पाठीवर कोसळतो. हे ओळखायची खूण म्हणजे धाकट्याची दोन्ही पावलं एकदम जमिनीवरून उचलली जातात. असं एकदा जरी दिसलं तरी पाव वेगावर परत जायचं.

धाकट्याला मागचं दिसत नाही, हा या प्रसंगातला उरलेला धोका. आधीच्या भांडणात स्टीलचा पेला आपटला जातो आणि तो कुठे घरंगळेल याचा नेम नाही. धाकट्याच्या मागे दोन मीटर रुंद आणि तीन मीटर लांब जागा मोकळी लागते, टेबलाची सगळ्यांत जवळची कड तिच्याबाहेर. ही जागा बघायचं काम आम्ही आईच्या भूमिकेतल्या मुलीकडे दिलं. ती डावीकडे खुर्चीपाशी उभी असते आणि तिला धाकट्याच्या मागची जमीन स्वच्छ दिसते. जागा मोकळी असेल तर ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ‘अरे, सोड त्याला’ म्हणते. तिचा हात खुर्चीवर आणि ते वाक्य, दोन्ही असेल तरच ढकलायचं. पेला किंवा आणखी काही मधे आलं असेल तर ती खुर्ची सोडून दोघांच्या मधे घुसते. मग पडणं रद्द. थोरला हात झटकून मागे होतो आणि धाकटा तिथेच मट्कन गुडघ्यावर बसतो. पुढचा संवाद तोच राहतो. हा पर्यायी शेवट पडण्याइतकाच तालमीत घ्यावा लागतो, नाहीतर तो ऐन वेळी कुणालाच आठवत नाही आणि नट सवयीने पडतो.

वेगाबद्दल एकच सांगते. पाव, अर्धा, पाऊण या तीन वेगांवर काम केलं आणि प्रयोगाचा वेग पाऊणच ठरवला. पूर्ण वेगात प्रेक्षकाला काही कळतच नाही, हात आला कुठून आणि गेला कुठे. अंग तापल्यामुळे प्रयोगात पाऊण वेग थोडा वाढतोच, त्याला वाव ठेवावा लागतो. हळू करताना दोघांचा वेग सारखा हवा. नेहमी होतं असं की मारणारा हळू मारतो आणि मार खाणारा झटक्यात वळतो. मग जुळणी चुकीची पाठ होते. त्यावर उपाय म्हणून मी बाजूला उभी राहून संथ आवाजात आकडे मोजायचे आणि दोघं आकड्यांवर हलायचे.

हे सगळं एका पानावर लिहून ठेवलं होतं. त्यातल्या दोन नोंदी अशा:

‘४. थोरला: “परत बोल.” नजर. धाकटा: तळवे पोटाशी उघडे. थोरला: उ. हात मागे, थांबा, सपाट फेक उ. कडून डा. कडे. धाकटा: टाळी नाकाच्या रेषेत, छाती-खांदे-डोकं उजवीकडे. तळवे दिसले नाहीत तर: फेक नाही, थेट कॉलर धरायची.’

‘८. आई: हात खुर्चीवर, “अरे, सोड त्याला.” थोरला: तळवे खांद्यांवर. धाकटा: श्वास, उ. पाय मागे, पडणं. आई मधे आली तर: पडणं नाही, गुडघ्यावर.’

प्रत्येक नोंदीत ‘तर’ आहे. ज्या हालचालीला ‘तर’ सुचला नाही ती हालचालच काढून टाकली. धाकट्याने टेबलावरचा चाकू उचलण्याची एक कल्पना अशीच गेली. आत सरकणारं पातं अडकलं तर काय करायचं याला उत्तर नव्हतं.

रंगीत तालमीत बऱ्याच गोष्टी नव्याने अडतात. कपडेपटातल्या चपलांचा तळ गुळगुळीत निघाला, त्यावर बारीक सॅंडपेपर घासला. धाकट्याच्या खिशातला मोबाइल, थोरल्याची अंगठी, घड्याळ, पट्ट्याची बक्कल हे सगळं प्रसंगाआधी विंगेत जमा होतं. धूर सोडणारं यंत्र दुसऱ्या प्रसंगात होतं. त्याचा थर फळ्यांवर बसून त्या निसरड्या होतात, म्हणून धूर आम्ही या प्रसंगानंतर हलवला. प्रकाशाची अडचण अशी की पडल्याक्षणी अंधार करायचा मोह होतो. पण धाकटा पूर्ण खाली टेकून डोकं ठेवल्याशिवाय दिवा घालवायचा नाही असं दिवेवाल्याला सांगितलं. त्याचा इशारा आवाज नाही, धाकट्याचा जमिनीवर सपाट झालेला डावा हात आहे. अंधारात पडणाऱ्याला जमीन दिसत नाही आणि काही बिघडलंच तर आम्हालाही तो दिसत नाही.

प्रयोगाच्या दिवशी प्रेक्षकांना आत सोडायच्या आधी, पूर्ण वेशात, त्याच चपलांत, त्याच दिव्यांत, हा प्रसंग दोनदा होतो. एकदा अर्ध्या वेगात, एकदा प्रयोगाच्या वेगात. त्याआधी मंच झाडून घेतला जातो आणि हात फिरवून बघितला जातो. दोघांना एकच प्रश्न विचारायचा, ‘आज कुठे दुखतंय?’ उत्तर वहीत लिहायचं. ‘काही नाही’ हेही लिहायचं. यापैकी कुणी या तालमीला उशिरा आला तर त्या दिवशी थप्पड नाही, पडणं नाही, थेट पर्यायी आवृत्ती, दिग्दर्शकाने कितीही आग्रह केला तरी. हा निर्णय मारामारी बसवणाऱ्याचा, आणि हे आधी सगळ्यांसमोर ठरवून घ्यावं लागतं. विंगेत बर्फाच्या पिशव्या, पट्ट्या आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर लावलेला असतो.

डोक्याला मार बसला तर तो नट त्या दिवशी पुढे काम करत नाही, मग तो कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणो. पुढचे काही तास त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, तेच तेच प्रश्न विचारणं, चालताना तोल जाणं यापैकी काहीही दिसलं तर क्षणही न दवडता दवाखान्यात. त्यासाठी धाकट्याच्या भूमिकेला एक बदली नट संहितेसह तयार ठेवला होता. त्याला संवाद सगळे येत होते, पडणं मात्र शिकवलं नव्हतं. तो आला तर प्रसंग आठव्या नोंदीच्या ‘तर’ने संपणार, हे आईला, थोरल्याला आणि दिवेवाल्याला माहीत होतं.